इम्प्लांटभोवतीचं हाड झिजलंय म्हणतात, पण दुखत तर काहीच नाही

मधुरा_सांगली

बाबांना (वय ६८) खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेच्या जागी २०१६ साली इम्प्लांट बसवलं. आजवर एकही तक्रार नव्हती, भाकरी, शेंगदाणे, सगळं त्याच बाजूने चावतात. गेल्या काही महिन्यांपासून ब्रश करताना तिथे थोडं रक्त येतं आणि सकाळी तोंडाला खारट, घाणेरडी चव असते असं म्हणायला लागले. दुखत नाही, हलत नाही, गालावर सूज नाही.

दुसऱ्या दातासाठी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला तेव्हा डॉक्टरांनी दाखवलं की इम्प्लांटच्या भोवती हाड खाली गेलंय. पेरी-इम्प्लांटायटिस आहे, लेझरने साफ करून बघू, नाहीतर काढावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. बाबांना मधुमेह आहे, शेवटचं एचबीए१सी ८.१ होतं.

हाड झिजत असेल तर दुखायला नको का? आणि एका ओपीजीवरून एवढं ठरवता येतं का? बाबा म्हणतात, "चावता येतंय ना, मग राहू दे." त्यांना काय सांगू, कळत नाहीये.

अण्णा_वाई

मधुरा, बाबांचं बरोबर आहे असं मला वाटतं. इम्प्लांट टायटेनियमचं असतं, त्याला कीड लागत नाही. माझी दोन आहेत, बारा वर्षं झाली. रक्त बहुतेक ब्रश जोरात घासल्याने येत असेल. मऊ ब्रश आणून दे, रात्री कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करायला सांग. थंडी पडली की माझ्याही हिरड्या हुळहुळतात, आपोआप जातं.

पेरिओ_नाशिक

अण्णा, टायटेनियमला कीड लागत नाही हे अगदी खरं. पण इम्प्लांट सहसा धातू खराब होऊन जात नाही. तो ज्या हाडात रुतलेला असतो, ते हाड जातं.

मधुराताई, न दुखण्याचं कारण सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपला खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्यात मज्जातंतू असतात, रक्तवाहिन्या असतात, आणि हिरडीतले तंतू दाताच्या मुळात आडवे शिरून घट्ट धरून बसतात. इम्प्लांटला हा थर नसतो. हाड थेट धातूला चिकटतं, आणि हिरडीतले तंतू धातूत शिरत नाहीत, त्याला समांतर उभे राहतात. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला अडथळा कमी, हिरडीला रक्तपुरवठा कमी, आणि दुखण्याची सूचना देणारा थरच नाही. खरा दात आजारी पडला की हळूहळू हलायला लागतो, माणूस आपण होऊन डॉक्टरकडे जातो. इम्प्लांट तळाशी थोडंसं हाड शिल्लक असेल तोवर दगडासारखा घट्ट राहतो. म्हणून "हलत नाही, दुखत नाही" यावरून काहीच कळत नाही.

रक्त आणि ती चव यावरून मात्र कळतं. सकाळची खारट-घाण चव बऱ्याचदा पुवाची असते. त्या हिरडीवर बाहेरून बोट दाबून खालून वर फिरवलं तर पांढरट-पिवळा थेंब येतो का, आरशात बघायला सांगा. आणि ओपीजीवर थांबू नका. ओपीजीत दाढेच्या भागात प्रतिमा ताणली जाते, बारीक फरक दिसत नाहीत. त्या एका जागेचा आरव्हीजी, म्हणजे छोटा एक्स-रे, काढून घ्या, आणि २०१६-१७ चा, कॅप बसवल्यानंतरचा जुना आरव्हीजी कुठूनही शोधून काढा. दोन्ही शेजारी ठेवले की बोलता येईल.

चिन्मय_द

माझ्याही एक्स-रेत दाढेच्या मुळाशी काळा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी रूट कॅनल झालं होतं. म्हणजे मलाही हेच झालंय का? इम्प्लांट नाही, स्वतःचीच दाढ आहे. अँटिबायोटिक घेऊ का?

पेरिओ_नाशिक

चिन्मय, तुमचं प्रकरण वेगळं. मुळाच्या टोकाशी डाग असेल तर जंतू दाताच्या आतल्या नळीत असतात, तो रूट कॅनलवाल्यांचा विषय. इथे आजार वरून, हिरडीच्या कडेने खाली जातो. गोळ्या मनाने घेऊ नका, ज्यांनी रूट कॅनल केलं त्यांना एक्स-रे दाखवा.

शलाका१२

मधुरा, मला असंच घाबरवलं होतं. माझी इम्प्लांटवरची कॅप चक्क हलायला लागली होती. मला वाटलं, संपलं सगळं, हाड गेलं. रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी बघितलं तर आतला स्क्रू सैल झाला होता. घट्ट केला, पाच मिनिटांचं काम. त्यामुळे आधीच घाबरू नको.

पेरिओ_नाशिक

शलाकाताई, तुमचा अनुभव उपयोगाचा आहे, पण मधुराताईंचं नेमकं उलट आहे. तुमचं हलत होतं आणि आजार नव्हता, त्यांचं हलत नाहीये आणि आजार असू शकतो. एक मात्र लक्षात असू द्या. सैल स्क्रूच्या फटीत जंतू साठतात आणि हिरडी सुजते, म्हणून कॅप हलायला लागली की त्याच आठवड्यात दाखवायचं. स्क्रू पक्का असूनही अख्खा इम्प्लांट हलत असेल तर मात्र तो वाचत नाही, काढावाच लागतो.

निरंजन_पुणे

इम्प्लांटभोवती हिरडीत धातूची सळई घालून खोली मोजली तर त्याच्यावर ओरखडे पडतात आणि हिरडीची पकड सुटते, असं मला एका डॉक्टरांनीच सांगितलंय. म्हणून ते कधी मोजत नाहीत, फक्त एक्स-रे काढतात. मग मधुरा यांनी मोजून घ्यावं का?

पेरिओ_नाशिक

घ्यावंच. ही समजूत आमच्या व्यवसायातही बरीच पसरलेली आहे. हलक्या हाताने, साधारण पाव न्यूटन जोराने, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम वजन टेकवावं इतक्या दाबाने ती सळई, म्हणजे प्रोब, घातली तर हिरडीची पकड कायमची सुटत नाही, काही दिवसांत जुळून येते. जोर लावला तर निरोगी हिरडीतूनही रक्त येईल, म्हणून हात महत्त्वाचा. कुणाला धातूची भीती वाटत असेल तर प्लॅस्टिकची प्रोब मिळते.

फक्त एक्स-रेवर का भागत नाही तेही सांगतो. आरव्हीजीत इम्प्लांटच्या पुढचं आणि मागचं हाड दिसतं. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड धातूच्या सावलीत झाकलं जातं. गालाकडचं हाड मुळातच पातळ असतं, ते आधी गेलेलं असलं तरी चित्र छान दिसू शकतं. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये बाकीचे कोन दिसतात, पण टायटेनियमच्या शेजारी पट्टे पडून नेमका तोच भाग पुसट होतो. प्रोबनेच तिथे कळतं.

निरंजन_पुणे

पटलं. पण मग निरोगी इम्प्लांटभोवती खोली किती मिलिमीटर असायला हवी? ४ चांगलं की वाईट?

पेरिओ_नाशिक

नुसत्या आकड्याला अर्थ नाही. हिरडी जाड असेल, इम्प्लांट खोल बसवला असेल तर ५ मिलिमीटरही निरोगी असू शकतं. कॅप बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत जो आकडा होता, त्यात वाढ झाली का आणि आत घातल्यावर रक्त येतं का, हे बघायचं. तो पहिला आकडा आपल्याकडे बहुतेक पेशंटच्या कागदांत नसतोच. म्हणून २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून जे निकष ठरवले त्यात एक सोय आहे. जुनी नोंद नसेल तर रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली, आणि हाड ३ मिलिमीटर किंवा जास्त खाली, हे तिन्ही एकत्र असतील तर पेरी-इम्प्लांटायटिस धरायचा. जुना एक्स-रे असेल तर एवढं गमवायची वाट बघावी लागत नाही, फरकावरूनच कळतं.

नुसतं रक्त, हाड जागच्या जागी, तर त्याला म्यूकोसायटिस म्हणतात. ते नीट साफसफाई केली की मागे फिरतं, फक्त खऱ्या दाताच्या हिरडीपेक्षा जास्त आठवडे घेतं. त्या टप्प्यात माणूस सापडला तर आमचं काम सोपं. ब्राझीलमध्ये असेच म्यूकोसायटिस असलेले ८० पेशंट ५ वर्षं बघितले होते, २०१२ साली ते छापून आलं. जे नियमित तपासणीला आणि सफाईला येत राहिले त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना पुढे हाडाचा आजार झाला, जे आले नाहीत त्यांच्यातल्या जवळजवळ ४४ टक्क्यांना.

वैशाली_टोरांटो

मी डेंटल हायजिनिस्ट आहे, रोज हेच बघते. मधुरा, मला बाबांच्या कॅपचा आकार जाणून घ्यायचाय. इम्प्लांटची मान बारीक असते आणि दाढेची कॅप रुंद, त्यामुळे कधी कधी कॅप हिरडीवर छत्रीसारखी पसरलेली असते. ब्रश वरून कितीही फिरवला तरी छत्रीच्या खाली पोचत नाही. मग लोकांना उगाच "तुम्ही घासत नाही" म्हणून ऐकावं लागतं, आणि ते बिचारे दिवसातून दोनदा घासत असतात.

अजून एक विचार. ती कॅप सिमेंटने चिकटवलेली आहे की स्क्रूने? कॅपच्या चावायच्या भागावर मधोमध गोल, थोड्या वेगळ्या रंगाचा ठिपका दिसतो का बघ. असेल तर स्क्रूची.

मधुरा_सांगली

वैशालीताई, ठिपका नाही. बाबा म्हणतात, त्या वेळी सिमेंट लावून बसवली होती. आणि गालाकडून खरंच छत्रीसारखी आहे, मी टॉर्च लावून बघितलं.

अण्णा, मीठपाणी सुरू केलंय, बाबांना बरं वाटतंय, पण रक्त येतंच आहे. बोट दाबून बघितलं, मागच्या बाजूला थेंब आला. परवा हिरड्यांच्या एमडीएस डॉक्टरांकडे जातोय. जुन्या क्लिनिकने आरव्हीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, २०१७ चा आहे.

अण्णा_वाई

पू आला म्हणजे मग माझं सांगणं मागे घेतो. दाखवूनच घ्या. मीही उद्या माझ्या दोन्हींवर बोट दाबून बघतो.

मधुरा_सांगली

जाऊन आलो. जे कळलं ते सविस्तर लिहिते, चुकत असेल तर सांगा.

डॉक्टरांनी सहा ठिकाणी मोजलं. गालाकडे पुढे ३, मध्ये ४, मागे ७. जिभेकडे पुढे ३, मध्ये ३, मागे ६. मागच्या दोन्ही ठिकाणी रक्त, गालाकडच्या मागच्या ठिकाणी पूसुद्धा. नवा आरव्हीजी काढला आणि जुना शेजारी ठेवला. इम्प्लांटला स्क्रूसारखे आटे असतात, जुन्यात हाड दोन्ही बाजूंनी पहिल्या आट्याला टेकलेलं आहे. नव्यात पुढच्या बाजूला दुसऱ्या आट्यापर्यंत आहे आणि मागच्या बाजूला चौथ्यापर्यंत, तिथे वाटीसारखा खड्डा दिसतो. इम्प्लांटचं स्टिकर फाइलमध्ये होतं, त्यावरून कंपनीची माहिती काढून ते म्हणाले, दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. म्हणजे मागे तीन आटे उघडे पडले, साधारण २.४ मिलिमीटर हाड गेलं. पुढे ०.८.

एका बाजूलाच जास्त का, हे विचारलं तर म्हणाले, सिमेंटचा संशय आहे. पण एक्स-रेत तर काही दिसत नाही.

पेरिओ_नाशिक

अगदी व्यवस्थित तपासणी झालीय. आटे मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण एक्स-रे थोडा लहानमोठा झाला तरी आटे तेवढेच राहतात. फक्त दोन्ही चित्रांत आट्यांच्या कडा स्वच्छ, दातेरी दिसायला हव्यात. एका चित्रात त्या पुसट असतील तर एक्स-रे तिरका पडलाय, मग तुलना फसवी होते.

पुढच्या बाजूच्या ०.८ ची मी काळजी करणार नाही. पहिल्या वर्षात हाड थोडं खाली बसतंच, तो आजार नाही. मागचं २.४, सात मिलिमीटर आणि पू, हे मात्र नक्की आजाराचं.

सिमेंट न दिसण्याचं नवल नाही. कॅप बसवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली ढकललं जातं, हिरडीची पकड इम्प्लांटला सैल असल्याने ते खोल उतरतं. काही सिमेंट एक्स-रेत उमटतच नाहीत, आणि गालाकडे असेल तर धातूमागे लपतं. ते टोचत नाही, पण खरखरीत असल्याने त्यावर जंतूंचा थर पक्का बसतो, आणि कधी कधी वर्षानुवर्षांनी आजार दिसायला लागतो. एकाच बाजूला खोल खड्डा आणि सिमेंटची कॅप, हे दोन्ही असलं की मी आधी कॅप काढतो, मग बाकीचं.

मधुमेहाचं म्हणाल तर ८.१ खाली आणायलाच हवं, जखम भरून यायला त्याने फरक पडतो. पण साखरेवर सगळं ढकलू नका. साखर तोंडभर सारखीच आहे, खड्डा एकाच बाजूला आहे.

निरंजन_पुणे

आणि लेझर? पहिल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. तिकडे दर सिटिंगचे चांगलेच पैसे घेतात.

पेरिओ_नाशिक

लेझरने जंतू मरतात, यात वाद नाही. पण नीट हाताने केलेल्या सफाईच्या वर त्याने टिकाऊ फायदा होतो असा भक्कम पुरावा मला अजून दिसलेला नाही. आणि आत सिमेंटचा तुकडा तसाच राहिला तर लेझर मारा की आणखी काही, तीन महिन्यांत परत तेच. गोळ्यांचंही तसंच, पू काही दिवस थांबतो आणि परत येतो.

वैशाली_टोरांटो

मधुरा, कॅप काढणारच असतील तर हीच संधी आहे. नवीन बसवताना किंवा तीच परत लावताना खालचा छत्रीचा भाग घासून कमी करायला सांग, म्हणजे ब्रश आत जाईल.

मधुरा_सांगली

उशिरा लिहितेय, माफ करा. डॉक्टरांनी कॅपला वरून मधोमध भोक पाडलं, आतला स्क्रू उघडला आणि कॅप ज्यावर बसते त्या खांबासकट बाहेर काढली. मागच्या बाजूला, खांबाच्या खालच्या कडेला पिवळसर सिमेंटची चकती चिकटलेली होती, नखाएवढीही नसेल. बाबांनी हातात घेऊन बघितली आणि गप्प झाले. मग भूल देऊन टायटेनियमच्या अवजारांनी खड्डा साफ केला, वर बारीक पावडरच्या फवाऱ्याने धुतलं. कॅपची गालाकडची कड घासून पॉलिश करून दिली. तीच कॅप परत लावली, पण आता स्क्रूने, भोकात टेफ्लॉनची पट्टी आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग. पुढे कधी उघडायची तर तोडावी लागणार नाही.

आठ आठवड्यांनी परत मोजलं. मागे ७ होतं तिथे ५, जिभेकडचं ६ होतं ते ४. पू नाही. रक्त फक्त एका ठिकाणी, तेही ठिपक्याएवढं. एचबीए१सी ७.२ वर आलंय. सकाळची ती चव गेली म्हणतात.

पेरिओ_नाशिक

उत्तम. युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली ज्या सूचना काढल्या त्यात उपचार लागू पडला कधी म्हणायचं ते दिलंय. खोली ५ किंवा कमी, रक्ताचं ठिकाण एकापेक्षा जास्त नाही, पू नाही. बाबा जेमतेम का होईना, त्यात बसतात. हाड भरून आलंय असं मात्र समजू नका. खोली कमी होते ती बरीचशी हिरडीची सूज उतरल्याने.

डॉ_कऱ्हाड

मी इम्प्लांट बसवतो, वीसेक वर्षं. नाशिकच्या डॉक्टरांशी थोडा असहमत आहे. चारी बाजूंनी भिंती असलेला वाटीसारखा खड्डा हाडाची भुकटी भरायला सर्वांत सोयीचा असतो. आत्ता हिरडी कापून फ्लॅप उघडून आटे डोळ्यांनी बघून साफ केले आणि ग्राफ्ट भरला तर निकाल चांगला येतो. थांबलात आणि एक भिंत कोसळली तर ती संधी जाते. बंद सफाईने आट्यांच्या खाचा पूर्ण स्वच्छ होत नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल.

पेरिओ_नाशिक

खाचांचं मान्य आहे. भिंतींचंही. पण ६८ वर्षांचा मधुमेही माणूस, कारण सापडून काढलेलं, आकडे सुधारताहेत, पू थांबलेला. अशा वेळी मी कापायची घाई करणार नाही. भुकटी भरली की एक्स-रेत पांढरं दिसतं, पण ते हाड धातूला परत चिकटलं का, हे जिवंत माणसात आपल्याला बघता येत नाही. पुढच्या तपासणीत मागची खोली परत ६ झाली आणि रक्त आलं, तर मी तुमच्याच बाजूने मत देईन.

डॉ_कऱ्हाड

तेवढं ठीक. पण ती तपासणी तीन महिन्यांनी व्हावी, वर्षाने नव्हे. आणि त्याच कोनातून आरव्हीजी.

शलाका१२

घरी काय करतायत बाबा आता? मी फक्त फ्लॉस वापरते, पुरेसं आहे का?

वैशाली_टोरांटो

शलाका, तुझे आटे हाडात आहेत तोवर फ्लॉस चालेल. बाबांच्या बाबतीत मी साधा फ्लॉस नको म्हणेन. उघड्या आट्यांवर त्याचे धागे तुटून अडकतात, आणि अडकलेला धागा सिमेंटसारखाच त्रास देतो. त्यांच्यासाठी दातांच्या फटीत घालायचा छोटा गोल ब्रश, ज्याच्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण असतं तो. फटीत जाताना थोडा अडखळला पाहिजे, सैल जात असेल तर मोठा घ्यायचा. गालाकडून आणि जिभेकडून, दोन्हीकडून, रात्री एकदा. कॅपच्या कडेला एका झुपक्याचा बारीक ब्रश. आणि पहिले दहाबारा दिवस रक्त आलं तरी थांबायचं नाही, बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. त्यानंतरही त्याच जागी येत राहिलं, तर तीन महिन्यांची वाट न बघता मोजायला जायचं.

अण्णा_वाई

माझ्या दोन्हींवर दाबून बघितलं. पू नाही. पण बारा वर्षांत कुणी मोजलेलं नाही, हे खरं. जुने एक्स-रे आहेत का, क्लिनिकला फोन केलाय. इम्प्लांटचं स्टिकर मात्र सापडत नाही.

पेरिओ_नाशिक

अण्णा, स्टिकर नसलं तरी चालेल. आरव्हीजीत आट्यांचा आकार आणि मानेची ठेवण बघून अनुभवी माणूस बऱ्याचदा कंपनी ओळखतो. आज सहा आकडे आणि एक आरव्हीजी घेऊन ठेवा, पुढच्या तुलनेसाठी तोच तुमचा पाया.

मधुरा_सांगली

वैशालीताई, ०.८ चा ब्रश सैल जातोय, १.१ चा बरोबर अडखळतो. बाबा रात्री बातम्या बघताना करतात. तीन महिन्यांनी मोजल्यावर सहाही आकडे इथे टाकते, मग उघडायचं की नाही ते ठरवू.